मामांनी फ्लॅट एकट्या ताईला दिला, आणि तो त्यांचा हक्क होता

परवा एका लग्नात परत तोच विषय निघाला, की मामांनी असं करायला नको होतं, तीन मुलं असताना मृत्युपत्रात फ्लॅट एकट्या ताईच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या, नावावर कसा काय, बापाच्या घरावर सगळ्यांचा हक्क असतोच ना. पंगत बसली होती म्हणून मी तिथे गप्प राहिलो, पण मनातून जात नाहीये.

नाही, असतोच असं नाही. बापाने स्वतःच्या कमाईतून घर घेतलं असेल तर तो जिवंत असताना त्यावर मुलाचाही हक्क नाही आणि मुलीचाही नाही. मृत्युपत्र न करता गेला तरच १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे सारखी वाटणी होते, मामी आधीच गेल्या होत्या म्हणजे तिघांना एकेक तृतीयांश मिळालं असतं. पण त्याच कायद्याचं कलम ३० मृत्युपत्राची मुभा देतं आणि त्यात अमुक इतकं मुलांसाठी ठेवाच असं कुठेही नाही. (मुसलमानांमध्ये साधारण एक तृतीयांशपुढे मृत्युपत्र चालत नाही. आणि शेजारच्या गोव्यात तर मुलं असतील तर आपल्या वाट्यातलं निम्मंच मनासारखं देता येतं, उरलेलं निम्मं कायद्यानेच राखीव. म्हणजे मामा गोव्याचे असते तर हे जमलं नसतं.)

दोघा मामेभावांनी दावा लावला तेव्हा मृत्युपत्राच्या आधी त्यांनी पकडलं ते "स्वकष्टार्जित" या शब्दालाच. त्यांचं म्हणणं, गावची जमीन विकून त्या पैशात फ्लॅट घेतला म्हणजे तो वडिलोपार्जितच. मुद्दा फालतू नव्हता, पणजोबांपासून चालत आलेली जमीन विकून खरंच घर घेतलं असेल तर मृत्युपत्राने बाप फक्त स्वतःचा हिस्सा देऊ शकतो, बाकीच्यांचा नाही. पण फ्लॅटचा करारनामा १९९१ चा आणि जमीन विकली १९९३ मध्ये, ते पैसे मामींच्या ऑपरेशनला गेले. मामांनी ऑफिसच्या कर्जाचं मंजुरीपत्र आणि हप्ता कापलेल्या पगाराच्या स्लिपा एका जुन्या पत्र्याच्या पेटीत ठेवल्या होत्या म्हणून वाचलो, नाहीतर तीस वर्षांनी हे कोण कशाने दाखवणार होतं?

खरा त्रास पुढे झाला. ताईच मामांना रिक्षात घालून रजिस्टर करायला घेऊन गेली, वकील तिनेच शोधला, टाइप करताना शेजारी तीच बसलेली. ज्याला सगळं मिळणार त्यानेच मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतला तर कोर्ट ते संशयाने बघतं आणि तो संशय दूर करायची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर असते, सुप्रीम कोर्टाने हे १९५९ पासून सांगितलेलं आहे. नुसतं रजिस्टर केलं म्हणून ते सिद्ध होत नाही. (मुलांना वगळलं एवढ्यावरून मात्र ते खोटं ठरत नाही, मृत्युपत्र करतातच मुळी नेहमीची वाटणी बदलायला.) दोन साक्षीदार लागतात आणि त्यातल्या निदान एकाने कोर्टात येऊन सांगावं लागतं. मामांचा एक साक्षीदार तोपर्यंत वारला होता. दुसरे शेजारचे काका, वय ७८, उलटतपासणीत त्यांना तासभर उभं केलं. मामांनी माझ्यासमोर सही केली, मग मी त्यांच्यासमोर केली, मामांनी स्वतः वाचून बघितलं आणि "माझ्या आजारपणात हिनेच केलं" असं म्हणाले, एवढंच ते परत परत सांगत राहिले. ते आले नसते तर काय झालं असतं याचा विचार करून मला अजून धडधडतं.

निकाल ताईच्या बाजूने लागला. सहा वर्षं गेली, आणि भाऊबीज बंद झाली ती झालीच.

मला मामांचा निर्णय शंभर टक्के बरोबर वाटतो. अर्धांग झाल्यावर नऊ वर्षं ताईने केलं, नोकरी सोडून. भाऊ दिवाळीला यायचे. म्हणून त्यांना वाईट म्हणत नाही मी, पण सारखं वाटणं म्हणजेच न्याय हे मला पटत नाही, नऊ वर्षांचं केलेलं त्यात कुठे धरलं जातं? मामांवर माझी तक्रार एकच आहे. त्या मृत्युपत्रात दोन मुलांची नावंच नव्हती. जणू ती नाहीतच. कोर्टात वकिलाने नेमकं त्यावर बोट ठेवलं, की बापाचं डोकं ठिकाणावर असतं तर पोरांचा उल्लेखही केला नसता का? आणि मोठा भाऊ बाहेर येऊन मला म्हणाला, "फ्लॅट गेला तरी चालेल रे, पण आमचं नाव पण नको होतं का त्यात?" त्याला काय उत्तर देणार मी.

दोन ओळी लागल्या असत्या. माझे दोन मुलगे अमुक आणि तमुक, दोघांची शिक्षणं मी केली, दोघं आपापल्या घरात सुखी आहेत, माझा त्यांच्यावर राग नाही, माझ्या आजारपणात मुलीने नोकरी सोडली म्हणून हे घर तिला देतो. गेल्या महिन्यात माझ्या वडिलांनी त्यांचं मृत्युपत्र करायला घेतलं तेव्हा आम्हा तिन्ही भावंडांची नावं पहिल्याच परिच्छेदात आली, आणि वकिलाकडे आम्ही कुणीच गेलो नाही, त्यांचे मित्र घेऊन गेले.