मामा माईकवर ‘केले’ म्हणतात तेव्हा

‘ज्याची मराठी खरी, तो सगळीकडे एकसारखंच बोलतो. सभेत “केले, झाले” आणि बाहेर आल्यावर “केलं, झालं” हे ढोंग आहे. मुळात “केलं” हा “केले”चा अपभ्रंश. आपल्या गोव्यात हे जास्त, कारण आपली मराठी पेपर वाचून आलेली.’

अशी तक्रार अधूनमधून ऐकू येते. तिच्यातलं ढोंगाचं आधी बघू. माझे मामा फोंड्याकडच्या एका देवस्थानाचे चिटणीस. वार्षिक सभेत त्यांनी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं: ‘खजिनदारांनी जमाखर्च सादर केला. तो सर्वानुमते मंजूर करण्यात आला.’ चहाच्या वेळी उशिरा आलेल्या एका महाजनाने विचारलं, काय झालं? मामा म्हणाले, ‘खजिनदारानं जमाखर्च दाखवला, कोण काय बोललं नाय, झालं.’

मजकूर तोच, पण व्याकरण पार बदललं. ‘खजिनदारांनी’ हे आदरार्थी बहुवचन. चहाच्या टेबलावर खजिनदार शेजारीच बसलेला बालमित्र, म्हणून ‘खजिनदारानं’. ‘मंजूर करण्यात आला’ या रचनेत मंजूर करणारा दिसतच नाही, आणि इतिवृत्ताला तेच हवं असतं, कारण निर्णय सभेचा, कुणा एकाचा नव्हे. ‘नाही’चं ‘नाय’ झालं. यातलं कुठलं रूप खोटं ठरवायचं?

ऐकणारा बदलला की बोलणारा बदलतो, हे न्यूझीलंडमध्ये भाषाशास्त्रज्ञ अ‍ॅलन बेल यांनी फार नेटकं दाखवलं. तिथे तेच वृत्तनिवेदक एकाच इमारतीतून दोन रेडिओ केंद्रांवर बातम्या वाचत. एक केंद्र राष्ट्रीय, दुसरं स्थानिक. दोन स्वरांमध्ये आलेला ‘ट’ ते स्थानिक केंद्रावर ‘ड’कडे झुकवून मऊ उच्चारत आणि राष्ट्रीय केंद्रावर कडक. माणूस तोच, काम तेच. बदललेला होता फक्त श्रोता.

हे ठरवून केलेलं सोंग नसतं, याचा पुरावा त्याच सभेत मिळाला. अग्रशाळेच्या गळक्या छपराचा विषय निघाला. मामा माईकवरच होते. ‘आम्ही कंत्राटदारास दोन वेळा पत्र पाठविले होते,’ इथून त्यांनी सुरुवात केली. कुणीतरी मध्येच ‘पाठवलं असतं तर काम झालं असतं’ म्हणालं, आणि मामांचा आवाज चढला: ‘अरे, मी स्वतः जाऊन सांगितल्तं त्याला!’ ‘पाठविले होते’ आणि ‘सांगितल्तं’ यांत काळ एकच, पूर्ण भूतकाळ. पण राग आला की बोलण्याकडचं लक्ष उडतं, आणि ‘सांगितलं होतं’मधला ‘हो’ गळून पडतो. ‘कंत्राटदारास’मधला ‘स’ गेला आणि ‘त्याला’ आलं. न्यू यॉर्कच्या बोलीचा अभ्यास करताना भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह लोकांना ‘कधी जिवावर बेतलं होतं का?’ असं विचारत, ते याचसाठी. गोष्ट सांगताना माणूस भान विसरतो आणि सहज बोली बाहेर येते. मात्र केवळ लक्ष पुरेसं नाही. मामा चहाच्या टेबलावरही अगदी शांत होते, तिथे फरक पडला तो ऐकणाऱ्यामुळे.

आता अपभ्रंशाचा मुद्दा, आणि मला सगळ्यात जास्त खटकतो तो हाच. जुनी पोथी किंवा शंभर वर्षांपूर्वी छापलेलं पुस्तक उघडा, तिथे ‘केलें’ दिसेल, डोक्यावर अनुस्वारासह. 1962 च्या लेखननियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले आणि लेखी ‘केले’ रूढ झालं. बोलीत ‘केलें’चं ‘केलं’ झालं. म्हणजे ‘केले’ आणि ‘केलं’ ही एकाच ‘केलें’ची दोन भावंडं आहेत. ‘केलं’ला ‘केले’चं बिघडलेलं पोर म्हणणं चुकीचं. आणि गोव्यातल्या माणसाला तरी हे सांगावं लागू नये: आपल्या कोंकणीत ‘केलें’ आजही नाकातून, जसंच्या तसं, रोज बोललं जातं. मामा घरी मामीशी ‘केलें’ म्हणतात, चहावर ‘केलं’, माईकवर ‘केले’. पहिलं कोंकणी, उरलेली दोन मराठीची, आणि त्यांची सरमिसळ मी त्यांच्या तोंडून क्वचितच ऐकली आहे.

पेपरच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. घरी कोंकणी असलेल्या अनेकांना मराठी आधी शाळेत, भजनात, नाटकात आणि छापील मजकुरात भेटते. त्यामुळे कुणाकुणाची गप्पांतली मराठीही ‘आम्ही तिथे गेलो होतो’ अशी पुस्तकी राहते. पण मग तक्रारीचा रोख उलटा व्हायला हवा. अडचण आहे ती, दुसरं रूप हाताशी नसल्यामुळे ज्याला सगळीकडे एकसारखंच बोलावं लागतं, त्याची. मामांची नाही.

पुढच्या वर्षी त्याच सभेचं इतिवृत्त वाचलं गेलं. मामांनी ते स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: ‘छपराच्या गळतीबाबत चिटणिसांनी तीव्र नाराजी व्यक्त केली.’