आधी ठसा, मग माणूस

“काका, घटनास्थळावरचा ठसा माझ्या अशिलाच्या बोटाशी जुळल्याचे तज्ज्ञाने लिहून दिले आहे. आता उलटतपासणीत मी विचारायचे तरी काय?” — परभणीत वकिली करणारा पुतण्या

मी गेली अनेक वर्षे अमेरिकेत ओरेगॉन राज्यात राहतो, आणि या प्रश्नाचे उत्तर याच राज्यातल्या एका वकिलाच्या प्रकरणात आहे. मार्च 2004 मध्ये माद्रिदच्या रेल्वेगाड्यांत झालेल्या स्फोटांत जवळपास दोनशे लोक मारले गेले. तिथे डिटोनेटर असलेली प्लास्टिकची पिशवी सापडली आणि तिच्यावरच्या एका ठशाचे छायाचित्र एफबीआयकडे आले. संगणकाने मिळतीजुळती वीस नावे काढली, त्यांत चौथे नाव ब्रँडन मेफिल्ड या वकिलाचे होते. एका तज्ज्ञाने ठसा त्याचाच असल्याचे सांगितले, आणखी दोघांनी दुजोरा दिला, पुढे न्यायालयाने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानेही तेच म्हटले. स्पेनच्या पोलिसांनी मात्र 13 एप्रिललाच ठसा जुळत नसल्याचे कळवले होते. तरीही 6 मे रोजी मेफिल्डला ताब्यात घेतले गेले. तो ठसा एका अल्जेरियन माणसाचा असल्याचे स्पेनने दाखवून दिले, तेव्हा 20 मे रोजी मेफिल्ड सुटला.

इथले माझे एक मराठी स्नेही म्हणतात की तो मुसलमान होता म्हणूनच हे घडले. हे अर्धेच खरे आहे. अमेरिकेच्या न्याय खात्याने नंतर केलेल्या चौकशीनुसार, ठसा जुळवताना तज्ज्ञांना त्याचा धर्म ठाऊक नव्हता; तो कळल्यामुळे फेरतपासणीची टाळाटाळ झाली असावी. मूळ चूक टेबलावरच झाली होती. दोन ठशांत दहाच्या आसपास खुणा खरोखरच सारख्या दिसत होत्या, आणि एवढे साम्य दिसल्यावर तज्ज्ञ मेफिल्डच्या स्वच्छ ठशाकडे पाहून पिशवीवरच्या पुसट ठशात तसेच फाटे, तशाच तुटलेल्या रेषा शोधू लागले. जे दिसावे असे वाटत होते ते दिसू लागले. ठशाचा वरचा भाग जुळत नव्हता, तर तो वेगळ्या स्पर्शाचा असावा असे स्पष्टीकरण दिले गेले. शिवाय दुजोरा देणाऱ्यांना पहिल्याचा निष्कर्ष आधीच माहीत होता, त्यामुळे चार मते दिसली तरी ती चार स्वतंत्र मते नव्हती.

चुकीचे प्रमाण किती, हेही पुतण्याने विचारावे. 2011 मध्ये 169 तज्ज्ञांची चाचणी प्रसिद्ध झाली. वेगवेगळ्या बोटांचे ठसे एकच ठरवण्याची चूक हजारात एक, तर एकाच बोटाचे ठसे वेगळे ठरवण्याची चूक शेकडा साडेसात निघाली. पण आपली परीक्षा चालू आहे हे त्या तज्ज्ञांना ठाऊक होते, आणि समोर कुठला संशयित वा घाईला आलेला तपास अधिकारी नव्हता. त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा परभणीच्या खटल्याला लावता येणार नाही.

हे फोनवर बोलत असताना आत्याबाई मध्येच म्हणाल्या, “माझा अंगठा रेशनच्या मशीनला लागत नाही, मग तो माझा नाही का?” कापूस वेचून आणि राखेने भांडी घासून त्यांच्या अंगठ्याच्या रेषा झिजल्या आहेत. त्यांचे गाऱ्हाणे खरे आहे, पण तिथे यंत्र खऱ्या माणसाला नाकारते. खटल्यातली भीती खोट्याला स्वीकारण्याची आहे.

छत्रपती संभाजीनगरला ठसेतज्ज्ञ म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना मी मेफिल्डचे प्रकरण सांगितले. त्यांना ते तपशिलासह माहीत होते. ते म्हणाले की भिंगाखाली आधी घटनास्थळाचा ठसा एकटाच पाहायचा, त्यातल्या खुणा कागदावर नोंदवायच्या आणि मगच संशयिताच्या ठशांची पट्टी हाती घ्यायची, ही शिस्त त्यांनी पाळली. पण तपास अधिकारी समोरच्या बाकावर बसून “साहेब, माणूस हाच आहे, फक्त बघून द्या” म्हणत असे, तेव्हा ती पाळणे अवघड जाई.

म्हणून पुतण्याने अहवालातला निष्कर्ष बाजूला ठेवून टिपणे मागवावीत. संशयिताचा ठसा पाहण्यापूर्वी कोणत्या खुणा नोंदल्या होत्या, नंतर कोणत्या वाढवल्या किंवा बदलल्या, न जुळणाऱ्या भागाचे स्पष्टीकरण कशाच्या आधारे दिले, दुसऱ्या तज्ज्ञाला पहिल्याचे मत माहीत होते का, आणि पोलिसांच्या पत्रात आरोपीबद्दल काय लिहिले होते, हे विचारावे. टिपणेच नसतील तर तेही नोंदीवर यावे. भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम 39 तज्ज्ञाचे मत ग्राह्य धरते, पण ते मतच असते, आणि मताची कारणे विचारता येतात.

याची निकड आता वाढली आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचे आहे, म्हणजे लातूर, बीड, हिंगोलीच्या न्यायालयांत ठसे अधिक येतील. दुसऱ्या तज्ज्ञाला पहिल्याचे मत न कळवता तपासायला द्यावे, असे मी सुचवले. निवृत्त गृहस्थांना ते पटले नाही. जिल्ह्यात माणसे मोजकी, एकाच खोलीत बसणारी. लखोटा बंद केला तरी कोण काय म्हणाले ते चहाच्या वेळी कळतेच, असे त्यांचे म्हणणे. मग ते ठसे दुसऱ्या जिल्ह्यात पाठवावेत, असे पुतण्याचे मत आहे. पण तिकडे आधीच साचलेल्या कामात ते किती दिवस पडून राहतील, आणि तोवर जामीन न मिळालेल्या आरोपीने काय करायचे, यावर आमच्या तिघांचे अजून एकमत झालेले नाही.