नायसिनने अंगाची आग का होते?

"नायसिन घेतलं की अर्ध्या तासात वडिलांचं तोंड लालबुंद होतं. ॲलर्जी का?" – परभणी

नाही दादा, बहुतेक वेळा ही ॲलर्जी नसते. नायसिन म्हणजे जीवनसत्त्व बी३. कातडीतल्या पेशी नायसिनमुळे प्रोस्टाग्लँडिन डी२ आणि ई२ ही रसायनं सोडतात, त्यानं बारीक रक्तवाहिन्या फुगतात. म्हणून चेहरा, मान तापते, तासाभरात उतरतं. ॲस्पिरिन हे प्रोस्टाग्लँडिन बनणंच अडवते, म्हणून डॉक्टर कधी ती अर्धा तास आधी देतात. मनानं देऊ नका, पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

नायसिननं ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, उतरते ती यकृतात चरबी जोडणारं एन्झाइम दबल्यानं. त्याला दिवसाला १-२ ग्रॅम लागतं. जीवनसत्त्व म्हणून १६ मिलिग्रॅम पुरे. अंगावर गांधी उठल्या, दम लागला तर मात्र लगेच दवाखाना गाठा.