डिलीट केलेले फोटो आणि जुना लॅपटॉप

‘रिसायकल बिन रिकामा केला, जागाही मोकळी दिसते, मग फोटो परत कसे निघतील?’

अहो, डिलीट करताना विंडोज फोटोला हातच लावत नाही. फाइलच्या नोंदीवर ‘वापरात नाही’ अशी खूण होते आणि तिची जागा मोकळी म्हणून मांडली जाते, बस. फिरत्या हार्ड डिस्कवर त्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर जसाच्या तसा असतो. क्विक फॉरमॅटमध्येही नोंदवहीच नवी होते. फोटोरेकसारखं फुकट सॉफ्टवेअर नोंदी बघतच नाही. जेपेग फोटो FF D8 FF या बाइट्सनी सुरू होतो, ती सुरुवात ते थेट डिस्कवर शोधतं. फाइलचं नाव गेलेलं असतं, पण आधार कार्डाचा फोटो स्पष्ट उघडतो.

जुनी फिरती हार्ड डिस्क असेल आणि D ड्राइव्ह रिकामा करायचा असेल, तर फाइल्स डिलीट करून अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये हे द्या:

```
cipher /w:D:\
```

मोकळ्या जागेवर तीन फेऱ्यांत नवं लिहिलं जातं. मोठ्या डिस्कला कित्येक तास लागतात, चार्जर लावून ठेवा. मग फोटोरेक स्वतःच चालवून बघा, काही सापडतंय का.

एसएसडीवर मात्र यावर विसंबू नका. तिथे नवं लिखाण कुठल्या चिपवर जाईल हे कंट्रोलर ठरवतो, त्यामुळे जुनी प्रत कोपऱ्यात राहू शकते. तिथे उत्पादकाच्या टूलमधलं सिक्युअर इरेज वापरा.