फणस तोडायच्या आधी ओळंबा लावा

आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, कणकुंबीच्या बाजूला. मोबाईलची रेंज शोधायला आमच्याकडं टेकडीवर चढावं लागतं. त्यामुळं गावातल्या सेवा केंद्राच्या स्लॅबवर उपग्रहाची डिश बसली तेव्हा दाखले, पेन्शन, फॉर्म सगळं तिच्यावर आलं. यंदा जून लागला आणि नेट दिवसातून चार-पाच वेळा जायला लागलं. रांगेत बसलेल्या मावशी म्हणायच्या, "ढग आलेत बाळा, पाऊस थांबल्यावर येतंय बघ." आणि थांबल्यावर खरंच यायचं. म्हणून सगळ्यांनी ढगालाच दोषी धरलं.

मला ते पटत नव्हतं. मागच्या पावसाळ्यात असाच पाऊस होता, तेव्हा नेट एवढं जात नव्हतं. मग मी आठवडाभर मोडेमच्या पानावरचा Es/No हा सिग्नलचा डेसिबलमधला आकडा वहीत लिहिला. दिवसभर नुसतं दाट धुकं होतं, तेव्हा आकडा अर्ध्या डेसिबलनंही हलला नाही. आमची डिश केयू बँड नावाच्या रेडिओ लहरींवर चालते आणि या लहरींना ढग-धुकं फारसं अडवत नाही. अडवतात ते जोरदार पावसाचे थेंब. सर कोसळली की आकडा खाली येतो आणि ओसरली की आपोआप वर जातो.

खरी गोष्ट उघडीपीतल्या आकड्यात सापडली. बसवली त्या दिवशीची पावती ड्रॉवरमध्ये होती, तिच्यावर पेनानं 11 लिहिलं होतं. आता स्वच्छ आकाशात 7 येत होते. आकडा 4 च्या खाली गेला की आमच्या मोडेमचा संपर्क तुटतो. म्हणजे पूर्वी पावसाला खायला 7 डेसिबल शिल्लक होते, आता फक्त 3. चार-पाच डेसिबल खाणारी सर मागच्या वर्षी आम्हाला कळलीही नसती, तीच यंदा रांग थांबवत होती. पावसाच्या आधीच आमची शिल्लक कुणीतरी खर्च केली होती.

तोवर गावात फणस तोडायचं ठरत आलं होतं. डिशपासून दक्षिणेला वीस फुटांवर जुना फणस आहे, आणि ताटलीच्या तोंडाकडं बघितलं तर ती थेट त्याच्या शेंड्याकडं बघतेय असंच वाटतं. पण ही ऑफसेट डिश आहे. हिची नजर तोंड दिसतं त्यापेक्षा वीसेक अंश वर असते. आमचा उपग्रह जीसॅट-11, 74 अंश पूर्व रेखांशावर विषुववृत्ताच्या वर. कणकुंबीचा रेखांशही जवळजवळ तोच, म्हणून तो आम्हाला बरोबर दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे 71 अंश वर दिसतो, डोक्याच्या जरा पुढं म्हणा ना. या कोनात साधा हिशेब बसतो: झाड जितक्या फुटांवर, त्याच्या तिप्पट ते डिशच्या वर असेल तरच आड येईल. फणस आड यायला डिशच्या वर साठ फूट हवा होता. तो एकवीस फूट होता. ज्या झाडाखाली दोन पिढ्यांनी फणस खाल्ले ते आम्ही उगाच तोडणार होतो, हे आठवलं की अजून पोटात कालवतं.

शिवाय झाडाची खूण वेगळी असते. झाड आड आलं की आकडा वाऱ्याबरोबर नाचतो आणि पानं ओली असली की जास्त पडतो. आमचा आकडा 7 वर गप्प बसून होता. असा स्थिर पण कमी आकडा म्हणजे डिश हलली असण्याची दाट शक्यता.

गवंडी काकांना बोलावून खांबाला ओळंबा लावला. मीटरभर उंचीत खांब दीड सेंटिमीटर कलला होता. स्लॅबमधला एक बोल्ट ढिला होता. वानरं फणसावरून त्याच डिशवर उड्या घेतात. दीड सेंटिमीटर म्हणजे पाऊण अंशाहून थोडं जास्त. बाराशे मिलिमीटरच्या डिशची नजरच मुळात दीड अंशाच्या आसपास रुंद, त्यामुळं एवढ्या कलण्यानं चारेक डेसिबल जातात. 11 मधून 4 गेले, 7 उरले.

बोल्ट आम्ही आवळला नाही. ही डिश सिग्नल वरही पाठवते. अंदाजानं फिरवली तर शेजारच्या उपग्रहाच्या कामात व्यत्यय येऊ शकतो, म्हणून हब, म्हणजे नेट पुरवणाऱ्यांचं मुख्य केंद्र, तिथल्या माणसांशी फोनवर बोलत, त्यांनी तपासून सांगितल्यावरच ती घट्ट करायची असते. बसवणाऱ्यांच्या माणसाला यायला अठरा दिवस लागले. त्यानं तासाभरात खांब सरळ करून डिश लावली आणि आकडा 11 वर आला.

माझी मागणी एवढीच आहे: डिश बसवणाऱ्यानं उघडीपीतला आकडा, तुटण्याचा आकडा आणि तारीख मोडेमशेजारच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहून द्यावी, आणि क्लॅम्पवरून खांबावर एक उभी रेघ ओढून जावी. आमची पावती ड्रॉवरमध्ये सापडली हे नशीब. आता केंद्राच्या भिंतीवर 11 आणि 4 मी लिहिलेत. मावशी रोज विचारतात, "आज किती रे?"