‘आमचीच कंपनी का?’ या रकान्यातल्या एका परिच्छेदाबद्दल

आज सकाळपासून डोकं फिरलंय. भाचीच्या कॉलेजच्या प्लेसमेंट सेलने केमिकलच्या शेवटच्या वर्षाच्या सगळ्या मुलांना ‘नमुना उत्तर’ पाठवलंय. प्रश्न नोकरीच्या अर्जातला नेहमीचाच, तुम्हाला आमच्याच कंपनीत का यायचंय? उत्तर असं: ‘आपली कंपनी या क्षेत्रातील अग्रगण्य कंपनी असून तिची नावीन्याची परंपरा आणि कार्यसंस्कृती मला प्रेरित करते. माझ्या कौशल्यांचा कंपनीच्या प्रगतीसाठी उपयोग करण्यास मी उत्सुक आहे.’ कंपनीच्या नावाची जागा रिकामी. वर्गातल्या सगळ्यांनी तीच भरायची.

मी बरीच वर्षं मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूला बसतेय. असला परिच्छेद आला की डोळे आपोआप खालच्या रकान्यावर जातात. मुलं वाईट नसतात, त्यांना कुणीतरी हेच लिहायला शिकवलेलं असतं, आणि चीड त्याचीच येते.

भाचीला इथेनॉलचे प्रकल्प उभारणाऱ्या पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजमध्ये अर्ज करायचाय. तिने तोच नमुना भरून मला पाठवला. मी लगेच फोन लावला आणि विचारलं, ‘प्राजचं नाव खोडून दुसऱ्या एखाद्या कंपनीचं घातलं तर यातलं कुठलं वाक्य खोटं ठरेल?’ ती गप्प. एकही नाही. मग म्हणाली, ‘मावशी, पण मला खरंच तिथेच जायचंय गं.’ म्हटलं, का ते सांग, लिहू नकोस, नुसतं बोल.

आणि मग जे बाहेर आलं ते ऐकण्यासारखं होतं. गेल्या हंगामात ती एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत प्रशिक्षणाला होती. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना साधारण 10-12 लिटर स्पेंट वॉश, म्हणजे डिस्टिलरीचं सांडपाणी, निघतो. तो नदीत सोडता येत नाही. इव्हॅपोरेटरमध्ये आटवून दाट करायचा आणि बॉयलरमध्ये जाळायचा, असा तिथला मार्ग. आटवताना नळ्यांच्या आत खपली धरते, सगळ्यात जास्त शेवटच्या टप्प्यात, कारण माल तिथे सगळ्यात दाट असतो. नळ्या बंद यंत्राच्या आत, त्यामुळे डोळ्यांना काही दिसत नाही. कळतं ते एवढ्यावरून की वाफ तेवढीच लागते आणि बाहेर येणारा माल मात्र पातळ यायला लागतो. तिथल्या ऑपरेटर काकांनी तिला खपलीचा एक तुकडा दिला होता, काळपट तपकिरी, एका बाजूला नळीची गोलाई तशीच उमटलेली. तो तिच्या टेबलावर अजून आहे म्हणे.

तिने तिथे काय केलं, तर शिफ्टच्या नोंदवहीतले वाफेचे आणि घन पदार्थांचे आकडे उतरवून आलेख काढला. नळ्यांची धुलाई ठरलेल्या दिवशी व्हायची, पण खपली काही दिवस पाहून धरत नाही. मळीचा लॉट बदलला की कधी लवकर, कधी उशिरा. काकांना हे अनुभवाने ठाऊक होतंच, तिच्या आलेखात ते कागदावर दिसलं.

हे सगळं पोटात असताना पोरगी लिहितेय ‘नावीन्याची परंपरा’! काय म्हणावं?

मग विचारलं, याचा प्राजशी काय संबंध? तेही तिला माहीत होतं, फक्त लिहिण्यासारखं वाटलं नव्हतं. पानिपतला इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा प्रकल्प आहे, रोज 100 किलोलिटर क्षमतेचा, ऑगस्ट 2022 मध्ये देशाला अर्पण झालेला. त्याचं तंत्रज्ञान प्राजचं. पेंढा म्हणजे मळीपेक्षाही लहरी माल. कुठल्या शेतातून आला, किती ओला, किती माती आणि सिलिका घेऊन आला, सगळं बदलतं.

शेवटी तिने जे लिहिलं ते मराठीत देते, तिला विचारून:

‘मळीवर चालणाऱ्या डिस्टिलरीत प्रशिक्षण घेताना मी स्पेंट वॉशच्या इव्हॅपोरेटरच्या नोंदींवरून खपली कधी धरते ते शोधलं. धुलाई तारखेवर ठरत होती, पण खपली मळीच्या लॉटप्रमाणे बदलत होती. पानिपतच्या तुमच्या तंत्रज्ञानात कच्चा माल पेंढा आहे, म्हणजे हा बदल याहून मोठा असणार. माल बदलत असताना प्रकल्प स्थिर कसा ठेवतात, हे मला कमिशनिंगच्या टीमबरोबर प्रत्यक्ष जागेवर शिकायचं आहे. कमिशनिंग मी अजून केलेलं नाही. नोंदी वाचून त्यातला बिघाड ओळखायला मात्र शिकले आहे.’

बस. यात कंपनीचं कौतुक एका शब्दाने नाही, आणि तरी वाचणाऱ्याला कळतं की हिने आपलं काम पाहिलंय. आधी स्वतः हाताळलेली एक गोष्ट, मग कंपनीच्या एका खऱ्या कामातली तशीच अडचण, मग कुठल्या टीममध्ये काय शिकायचंय ते. दुसरं नाव घालून पाहा, परिच्छेद उभाच राहणार नाही.

आता कुणी म्हणेल की मोठ्या कंपन्यांत हे रकाने धड वाचलेही जात नाहीत. बरं, काही ठिकाणी नसतील वाचत. पण मुलाखतीत समोरचा माणूस नेमका तोच कागद हातात धरून बसतो. आणि हो, पगार हवा असतो, घराजवळ राहायचं असतं, ही कारणं खरीच आहेत, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण त्यांतून समोरच्याला ‘इथेच का’ कळत नाही.

मला जास्त राग येतो तो अर्धवट अभ्यासाचा. मुलं कंपनीच्या वेबसाइटवरून तीन पुरस्कार, शेअरचा भाव आणि अध्यक्षांच्या भाषणातलं एक वाक्य उचलतात आणि त्याला ‘स्पेसिफिक’ म्हणतात. ते कौतुकच आहे, फक्त आकडे लावलेलं. ओळखायची खूण सोपी आहे. परिच्छेद वाचून मुलाखत घेणाऱ्याला पुढचा प्रश्न सुचतो का? पुरस्कारावर काय विचारणार? भाचीच्या परिच्छेदावर मी बसल्या बसल्या विचारले असते: कुठल्या टप्प्यातल्या नळ्या? धुलाई कॉस्टिकने की ॲसिडने? लॉट बदलला हे नोंदवहीत कुठे दिसलं?

आणि इथेच जपायला हवं. जेवढं लिहिलंय त्याच्या आणखी दोन थर खालचं माहीत असायला हवं, नाहीतर दुसऱ्याच प्रश्नाला माणूस उघडा पडतो. भाचीने आधी ‘मी ही समस्या सोडवली’ असं लिहिलं होतं. ते मी काढायला लावलं. सोडवली नव्हती, पाहिली होती आणि मांडली होती, आणि तेवढं पुरेसं आहे. कारखान्याचं नाव आणि त्यांचे आकडेही काढायला लावले, ते तिच्या मालकीचे नाहीत.

लिहिता लिहिता राग जरा निवला. प्लेसमेंटच्या सरांच्या हाताखाली शेकडो मुलं असतात, हे मला समजतं. पण सर, रिकामी जागा सोडायचीच असेल तर कंपनीच्या नावाची नको, ‘मी तिथे काय पाहिलं’ याची सोडा.

‘ॲसिड की कॉस्टिक’ याचं उत्तर भाचीला फोनवर देता आलं नाही. काकांची रात्रपाळी आहे, तेव्हा जेवणं झाली की ती त्यांना फोन करून विचारणार आहे.