मी मिसळ खाल्लो

मुलाचं लग्न कोलकात्याच्या मुलीशी ठरलं. विहीणबाईंशी फोनवर चार वाक्यं तरी बोलावीत, म्हणून मी बंगाली शिकायला निघालो. त्याच सुमारास आमच्या सोसायटीतले, सातपूरला नोकरीला आलेले बंगाली दादा मराठी शिकायला निघाले होते. रविवारी सकाळी, आमची गॅलरी, एक तास, असं ठरलं.

पहिल्या रविवारी तासभर मस्त गप्पा झाल्या. सगळ्या हिंदीत.

पुढच्या वेळी हिंदीला बंदी घातली आणि मोबाइलवर गजर लावला. पंचवीस मिनिटं बंगाली, पंचवीस मराठी, उरलेली दहा चुकांना. वाटणी चोख होती. पण माझ्या पंचवीस मिनिटांत दादा इलिश माशावर अखंड बोलले आणि मी नुसती मान डोलावली. आतून बायको म्हणाली, "अहो, शिकतंय कोण?" तेव्हापासून ज्याला भाषा येते त्याने फक्त प्रश्न विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं. मला हे फार जड गेलं.

मग चुका. दादा म्हणाले, "मी काल मिसळ खाल्लो." मी ओरडलो, "खाल्ली!" "मी पाव खाल्ली." "खाल्ला!" दादांनी जेवणाचा विषयच सोडला.

मग वही आणली. बोलणं तोडायचं नाही, चुकलेलं वाक्य जसंच्या तसं टिपायचं. शेवटी त्यातल्या वारंवार झालेल्या तीनच चुका काढायच्या, बाकीच्यांना माफी. उत्तर सांगायचं नाही, फक्त शब्दाखाली रेघ मारायची. दादांनी रेघ पाहून "खाल्ली" स्वतः शोधलं आणि विचारलं, "का?" साठ वर्षं मराठी बोलून मला उत्तर येईना. दोन दिवसांनी उमगलं: मराठीत भूतकाळात क्रियापद खाल्लेल्या पदार्थाच्या मागे जातं, मिसळ खाल्ली, पाव खाल्ला, दही खाल्लं. बंगालीत लिंगच नाही, मग दादांना पाव आणि मिसळ सारखेच. पुढच्या रविवारची सुरुवात त्याच नियमाच्या नव्या वाक्यांनी केली: भाकरी, लाडू, श्रीखंड. दादांचं एकच चुकलं. मला मात्र दहा वाजता भूक लागली.

माझ्या वहीतली रेघ "खेलाम ना"खाली होती. अजून जेवलो नाही, हे सांगायला मी मराठीसारखं भूतकाळी रूप घेऊन त्याला "ना" चिकटवत होतो. दादा म्हणाले, "तसं म्हटलं तर मुद्दाम खाल्लं नाही, असं वाटू शकतं. 'खाइनि' म्हणा." विहिणीच्या घरी हे बोलून आलो असतो तर!

तीन रविवार "खाइनि" घोकलं. मग विहीणबाईंचा फोन आला. "खेयेछेन?" मी छाती फुगवून म्हणालो, "ना, एखोनो खाइनि."

"मग आधी जेवून घ्या," असं बंगालीत म्हणून त्यांनी फोन ठेवला.